PH₃ चा कोन पाण्यापेक्षा लहान का? पंधराव्या आणि सोळाव्या गणातल्या हायड्राइडांचे बंधकोन कसे लावायचे

मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, आणि सक्करदऱ्यातल्या माझ्या शिकवणीत एकच कूलर. अशा दुपारी मी पोरांना एक छोटी चाचणी दिली. प्रश्न एकच होता: NH₃, H₂O, PH₃ आणि H₂S यांना बंधकोनाच्या उतरत्या क्रमाने लावा. निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये हे उत्तर आलं:

NH₃ > PH₃ > H₂O > H₂S

हे उत्तर चुकलेलं आहे, पण त्यामागे विचार आहे. पहिल्या बाकावरची एक मुलगी तर भांडायलाच उठली. "मॅडम, एका लोन पेअरवाले पहिले, दोनवाले मंग. बरोबरच तर आहे नं?" तिचं अर्धं बरोबर होतं. NH₃ चा कोन H₂O पेक्षा मोठा, PH₃ चा H₂S पेक्षा मोठा, हे तिने अचूक पकडलं होतं. बिघडलं फक्त मधल्या ठिकाणी, PH₃ आणि H₂O यांच्या तुलनेत. पाण्याचा कोन १०४.५ अंश आहे आणि फॉस्फीनचा जेमतेम ९३.६. लोन पेअर पाण्यावर दोन, फॉस्फीनवर एक, आणि तरीही पाण्याचा कोन अकरा अंशांनी मोठा.

पुढचं सगळं लिहिणं या एका जागेसाठी आहे. लोन पेअर आणि विद्युतऋणता हे दोन्ही शब्द सगळ्यांना पाठ असतात. कोणत्या तुलनेत कोणाला पुढे करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आधी जोड्या मोजा, आणि मोजणी कुठे थांबते ते बघा

पंधराव्या गणातल्या अणूच्या बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन असतात. तीन हायड्रोजनशी तीन बंध झाले की दोन उरतात, म्हणजे एक लोन पेअर. सोळाव्या गणात सहा इलेक्ट्रॉन, दोन बंध, उरले चार, म्हणजे दोन लोन पेअर. दोन्हीकडे एकूण जोड्या चारच. चार जोड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर राहायचं म्हटलं की चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे तोंड करतात आणि कोन १०९.५ अंश येतो. मिथेनमध्ये चारही जोड्या बंधाच्या असल्यामुळे तो तसाच्या तसा मिळतो.

जोड्या मोजून आकार ठरवण्याची कल्पना सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये मांडली. सगळ्या जोड्या सारखं ढकलत नाहीत, ही भर गिलेस्पी आणि न्यहोम यांनी १९५७ मध्ये घातली. बंधातल्या जोडीवर दोन केंद्रकांची ओढ असते, त्यामुळे ती दोघांच्या मध्ये ताणून, सडपातळ राहते. लोन पेअरवर एकाच केंद्रकाची ओढ असते. ती त्याच्याच जवळ, पसरून बसते आणि शेजारच्या जोड्यांना दाबते. म्हणून लोन पेअर-लोन पेअर प्रतिकर्षण सगळ्यात जास्त, लोन पेअर-बंधजोडी मधलं, आणि बंधजोडी-बंधजोडी सगळ्यात कमी.

आता एक गोष्ट नीट बघा. नायट्रोजन असो, फॉस्फरस असो की अँटिमनी, लोन पेअर एकच आहे. ऑक्सिजनपासून टेल्युरियमपर्यंत लोन पेअर दोनच आहेत. एकाच गणात खाली जाताना ही मोजणी बदलतच नाही, मग ती तुम्हाला PH₃ आणि NH₃ मधला फरक कसा सांगणार? म्हणजे मोजणीचा उपयोग आवर्तसारणीत आडवं जाताना आहे, उभं जाताना नाही.

आडवं जाताना

आडव्या तुलनेचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण दुसऱ्या आवर्तातलं: CH₄ १०९.५, NH₃ १०७, H₂O १०४.५. लोन पेअर शून्य, एक, दोन, आणि कोन प्रत्येक पायरीला साधारण अडीच अंशांनी उतरतो. (अमोनियाचा आकडा काही पुस्तकांत १०७.८ तर काहींत १०६.७ असा दिसेल. क्रमाला त्याने धक्का लागत नाही.)

याच ओळीत विद्युतऋणताही बदलते आहे. कार्बनपेक्षा नायट्रोजनची जास्त, नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनची जास्त. 'मध्यवर्ती अणूची विद्युतऋणता वाढली की कोन वाढतो' हे वाक्य घोकलेला मुलगा इथे पाण्याचा कोन अमोनियापेक्षा मोठा लिहून मोकळा होतो. ते वाक्य खोटं नाही, पण ते लोन पेअरांची संख्या सारखी असेल तेव्हाच लावायचं असतं. एकाच आवर्तात शेजारी बसलेल्या अणूंमध्ये एक लोन पेअर वाढला, तर त्याचा दाब विद्युतऋणतेच्या फरकाला पुरून उरतो.

तिसऱ्या आवर्तातही दिशा तीच आहे: PH₃ ९३.६, H₂S ९२.१. फरक मात्र दीड अंशावर आला. हा फरक आकसला का, हे पुढच्या भागात आपोआप कळेल.

खाली जाताना: सायकलच्या तारांमधले मणी

लहानपणी सायकलच्या चाकाच्या तारांमध्ये रंगीत प्लॅस्टिकचे मणी घालायची हौस असायची. आठवत असेल तर त्या मण्यांचं वागणं आठवा. मणी मधल्या हबकडे घसरले की एकमेकांना चिकटतात, कारण तिथे तारा दाटीवाटीने असतात. तेच मणी रिमकडे सरकले की दोन तारांमध्ये भरपूर मोकळी जागा असते, कुणाचा कुणाला स्पर्श नाही.

बंध म्हणजे तार, बंधजोडी म्हणजे मणी, आणि मधला हब म्हणजे मध्यवर्ती अणू. नायट्रोजनची विद्युतऋणता पाउलिंगच्या मापाने ३.०४, हायड्रोजनची २.२०. त्यामुळे प्रत्येक N–H बंधातला मणी हबकडे ओढला जातो. तार स्वतःही आखूड आहे, १०१ पिकोमीटरच्या आसपास. तीन मणी हबजवळ गर्दी करतात आणि एकमेकांना ढकलतात. वरून लोन पेअर दाबतो आहे खरा, पण खालून तिघेही 'आता जागा नाही' म्हणून अडून बसतात. त्या ओढाताणीत कोन १०७ वर थांबतो.

आता फॉस्फरस. त्याची विद्युतऋणता २.१९, हायड्रोजनची २.२०. जवळपास बरोबरी! P–H बंधातला मणी हबकडे ओढलाच जात नाही, आणि तारही १४२ पिकोमीटर लांब आहे. तिन्ही मणी हबपासून लांब, एकमेकांपासून मोकळे. लोन पेअर मात्र फॉस्फरसवरच बसलेला आहे. तो दाबतो आणि खालून विरोध करायला कुणी नाही. तीन बंध जवळ जवळ येत ९३.६ पर्यंत दबतात.

इथे उत्तरपत्रिकेत नेहमी एक चूक होते. मुलं लिहितात, 'फॉस्फरसचा लोन पेअर नायट्रोजनच्या लोन पेअरपेक्षा जास्त ताकदीने ढकलतो, म्हणून कोन कमी.' असं लिहिलं की तपासणारा विचारणार, ताकद आली कुठून? जोर लोन पेअरचा वाढलेला नाही, बंधजोड्यांचा विरोध कमी झालेला आहे. हे वाक्य विरोधाच्या बाजूने लिहिलं तरच त्यात विद्युतऋणतेला जागा मिळते.

सोळाव्या गणातही गोष्ट तीच. ऑक्सिजन ३.४४, म्हणून O–H चे मणी घट्ट आत. सल्फर २.५८, तार १३४ पिकोमीटर लांब, मणी सैल. कोन १०४.५ वरून ९२.१ वर.

आकड्यांमधल्या उड्या मोजा

आता दोन्ही गण शेजारी मांडू. कोन पाठ करायची गरज नाही. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना उडी किती मोठी आहे, तेवढंच बघा.

| हायड्राइड | मध्यवर्ती अणूची विद्युतऋणता | बंधकोन (अंश) |
|---|---|---|
| NH₃ | ३.०४ | १०७ |
| PH₃ | २.१९ | ९३.६ |
| AsH₃ | २.१८ | ९१.८ |
| SbH₃ | २.०५ | ९१.३ |
| H₂O | ३.४४ | १०४.५ |
| H₂S | २.५८ | ९२.१ |
| H₂Se | २.५५ | ९१ |
| H₂Te | २.१ | ९० |

नायट्रोजनकडून फॉस्फरसकडे येताना विद्युतऋणता ०.८५ ने पडते आणि कोन तेरा अंशांहून जास्त पडतो. ऑक्सिजनकडून सल्फरकडे येताना विद्युतऋणता ०.८६ ने पडते, कोन बारा अंशांहून जास्त. दोन वेगळे गण, पण पडझड जवळपास सारखी. विद्युतऋणतेवर विश्वास बसावा असंच हे चित्र आहे.

पण लगेच खालची ओळ बघा. फॉस्फरस आणि आर्सेनिक यांच्या विद्युतऋणतेत फरक आहे फक्त ०.०१, तरी कोन १.८ अंशांनी उतरला. हे काम विद्युतऋणतेचं असूच शकत नाही. इथे अणूचा वाढलेला आकार आणि लांबलेला बंध काम करतो: As–H बंध १५२ पिकोमीटरचा आहे, मणी आणखी बाहेर गेले. म्हणून गणात खाली जाताना उत्तरात 'विद्युतऋणता कमी होते' एवढंच लिहून थांबू नका, 'आणि अणूचा आकार वाढतो' हे जोडा. बऱ्याच नोट्समध्ये हे अर्धं वाक्य गळलेलं असतं.

उलट बाजूनेही तपासा. सेलेनियमकडून टेल्युरियमकडे येताना विद्युतऋणता ०.४५ ने पडली, पण कोन फक्त एका अंशाने हलला. कारण कोन आता तळाला लागला आहे. ९० च्या खाली तो जात नाही.

हा तळ ९० चाच का? पी ऑर्बिटल एकमेकांशी ९० अंशांत असतात. बंध शुद्ध पी ऑर्बिटलांनी झाले, तर कोन आपोआप ९० येईल आणि लोन पेअर एस ऑर्बिटलमध्ये जाऊन बसेल. तिसऱ्या आवर्तापासून खाली नेमकं हेच घडायला लागतं. मोठ्या अणूंमध्ये संकरण करून बंध मजबूत करण्यात जो फायदा मिळायला हवा तो फारसा मिळत नाही, आणि एस इलेक्ट्रॉनांना त्यांच्या खालच्या ऊर्जेवरून उठवायचा खर्च मात्र करावा लागतो. मग ते आपल्या जागी राहतात. PH₃ आणि H₂S यांच्यातला फरक दीड अंशावर का आकसला, त्याचं उत्तरही हेच: दोघेही तळाजवळ आहेत, आणखी दाबायला जागाच नाही.

हे किती टक्के, ते मोजून बघा

'लोन पेअर एसमध्ये बसतो' हे वाक्य हवेत राहू नये, म्हणून एक छोटं सूत्र. सगळे बंध एकसारखे असतील, तर दोन बंधांमधल्या कोनावरून त्या बंधातल्या ऑर्बिटलचा एस-अंश काढता येतो:

```
s = cosθ / (cosθ − 1)
```

अमोनियासाठी १०७ अंशांचा कोसाइन −०.२९२. भागाकार −०.२९२ ला −१.२९२ ने, म्हणजे ०.२२६. प्रत्येक बंधात एस-अंश साधारण २३ टक्के. तीन बंधांत मिळून ६८ टक्के खर्ची पडला. एस ऑर्बिटल एकच असल्यामुळे एकूण १०० टक्केच वाटायचे असतात. उरलेले ३२ टक्के लोन पेअरला.

फॉस्फीनसाठी ९३.६ अंशांचा कोसाइन −०.०६३. एस-अंश आला ०.०५९, म्हणजे प्रत्येक बंधात फक्त ६ टक्के. तीन बंधांत १८, आणि लोन पेअरमध्ये तब्बल ८२ टक्के. फॉस्फीनचं संकरण डोळे मिटून sp³ लिहिणाऱ्याला हा आकडा दाखवावा. sp³ असतं तर चौघांनाही २५-२५ टक्के मिळाले असते.

या ८२ टक्क्यांचा एक परिणाम नळीत दिसतो. अमोनिया प्रोटॉन चटकन उचलतो, फॉस्फीन फार नाखुशीने. एस ऑर्बिटलमधला लोन पेअर केंद्रकाजवळ, सगळ्या बाजूंना सारखा पसरलेला असतो. त्याला एका दिशेला तोंड नाही, मग प्रोटॉनने धरायचं कुठून?

हे गणित घरी करताना कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे का ते बघा. रेडियनवर राहिला तर भलतेच आकडे येतात, आणि पोरं सूत्रालाच दोष देतात. एस-अंश शून्य ते एकच्या बाहेर गेला, की समजायचं गडबड कॅल्क्युलेटरची आहे.

आलेखाच्या कागदावर पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड

ज्यांना मण्यांची गोष्ट पटत नाही, त्यांना मी आलेखाचा कागद आणि कंपासपेटी काढायला लावते. प्रमाण घ्या १ सेमी = २० पिकोमीटर.

O–H बंध ९५.८ पिकोमीटरचा, म्हणजे ४.८ सेमी. एका बिंदूपासून ४.८ सेमीच्या दोन रेषा १०४.५ अंशांच्या कोनात काढा. त्यांची टोकं म्हणजे दोन हायड्रोजन. टोकांमधलं अंतर मोजलं की ७.६ सेमी भरेल, म्हणजे १५२ पिकोमीटर. आता त्याच बिंदूपासून S–H साठी ६.७ सेमीच्या रेषा ९२.१ अंशांत काढा. टोकांमधलं अंतर ९.६ सेमी, म्हणजे १९२ पिकोमीटर.

कोन लहान असूनही सल्फरवरचे हायड्रोजन पाण्यातल्या हायड्रोजनांपेक्षा ४० पिकोमीटर जास्त लांब आहेत! पोरांच्या डोक्यात लहान कोन म्हणजे जास्त गर्दी, असं पक्कं बसलेलं असतं. ते या एका आकृतीने सुटतं. लांब बंधांना लहान कोन परवडतो. पाण्याचे ४.८ सेमीचेच बंध ९२.१ अंशांत काढून बघा: अंतर ६.९ सेमीवर येईल, म्हणजे १३८ पिकोमीटर. इतकी जवळीक आखूड बंधांना झेपत नाही.

एक इशारा. या आकृतीत आपण अणूंच्या केंद्रकांमधलं अंतर मोजतो, आणि सिद्धांत बोलतो इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांबद्दल. दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात म्हणून आकृती कामाची, पण परीक्षेच्या उत्तरात 'हायड्रोजन अणू एकमेकांना ढकलतात' असं लिहू नका. बंधजोड्या ढकलतात, असंच लिहा.

तिरकं जाताना: मूळ प्रश्नाकडे

आता PH₃ आणि H₂O. इथे आवर्तही वेगळं आणि गणही वेगळा. लोन पेअर म्हणतो फॉस्फीनचा कोन मोठा, विद्युतऋणता म्हणते पाण्याचा मोठा. ऐकायचं कुणाचं?

वरच्या तक्त्यातच याचा निकाल आहे. एक लोन पेअर जास्त असण्याची किंमत अडीच अंश, खालच्या आवर्तात तर दीड. दुसऱ्या आवर्तातून तिसऱ्यात उतरण्याची किंमत बारा-तेरा अंश. अडीचने तेराला कसं हरवायचं? म्हणून तिरक्या तुलनेत आधी आवर्त बघायचं. एक रेणू दुसऱ्या आवर्तातल्या अणूचा असेल आणि दुसरा खालच्या आवर्तातल्या अणूचा, तर दुसऱ्या आवर्तवाल्याचा कोन मोठा, लोन पेअर कितीही असोत. मग एकाच आवर्तातले वेगळे काढून त्यांच्यात लोन पेअर मोजायचे.

सहा रेणूंवर चालवून बघू: H₂Se, PH₃, H₂O, AsH₃, H₂S, NH₃. हे मी मुद्दाम विस्कटून दिले आहेत.

आधी आवर्ताप्रमाणे तीन ढीग करा. दुसरं आवर्त: H₂O, NH₃. तिसरं: PH₃, H₂S. चौथं: AsH₃, H₂Se. ढिगांचा क्रम ठरला, वरच्या आवर्ताचा ढीग आधी. मग प्रत्येक ढिगात एका लोन पेअरवाला आधी, दोनवाला नंतर. उत्तर आलं:

NH₃ > H₂O > PH₃ > H₂S > AsH₃ > H₂Se

तक्त्याशी ताडून बघा: १०७, १०४.५, ९३.६, ९२.१, ९१.८, ९१. क्रम जुळला. पण H₂S आणि AsH₃ यांच्यात फरक आहे ०.३ अंशांचा. इतक्या बारीक फरकात नियम बरोबर निघाला हा त्याचा पराक्रम समजू नका, थोडं नशीबही आहे.

नियम कुठे हात टेकतो

हाच नियम एक पायरी खाली नेला की तो पडतो. चौथ्या आवर्तातलं H₂Se ९१ अंश, पाचव्या आवर्तातलं SbH₃ ९१.३. 'वरचं आवर्त आधी' म्हटलं तर H₂Se मोठं यायला हवं होतं, ते आलं नाही. तळाजवळ आवर्ताची किंमत अर्ध्या-एक अंशावर येते आणि लोन पेअरचीही एका अंशाच्या आसपास, मग कोण जिंकेल ते तोंडी सांगता येत नाही. चौथ्या आणि पाचव्या आवर्तात तिरकी तुलना आली, तर मोजलेले आकडे हवेत. एकाच गणात वरून खाली, किंवा एकाच आवर्तात डावीकडून उजवीकडे, एवढंच तिथे विश्वासाने सांगता येतं.

दुसरी मर्यादा टोकाच्या अणूची. इथवर टोकाला सगळीकडे हायड्रोजन होता, म्हणूनच मध्यवर्ती अणूची विद्युतऋणता बघून काम भागलं. टोकाला फ्लोरिन आला की मणी रिमकडे ओढले जातात. NF₃ चा कोन १०२ च्या आसपास येतो, NH₃ पेक्षा लहान, आणि OF₂ चा १०३, पाण्यापेक्षा लहान. नायट्रोजन तोच, ऑक्सिजन तोच, पण ओढणारा समोर बसला. इथवर मण्यांची गोष्ट टिकते. PF₃ ला मात्र ती लागू पडत नाही. त्याचा कोन साधारण ९८, म्हणजे PH₃ पेक्षा मोठा! तिथे फ्लोरिनवरच्या इलेक्ट्रॉनांचा फॉस्फरसशी होणारा वेगळा व्यवहार मध्ये येतो. तो या लेखाचा विषय नाही, पण हायड्राइडांचा नियम हॅलाइडांवर चिकटवू नये, एवढं त्यावरून लक्षात ठेवा.

बिस्मथचं हायड्राइड मी तक्त्यात घेतलं नाही, कारण ते इतकं अस्थिर आहे की साध्या तापमानाला टिकतच नाही.

कागदावर कसं लिहायचं

दोन गुणांच्या 'कारण द्या' प्रश्नाला चार ओळी पुरतात. 'H₂S चा बंधकोन H₂O पेक्षा कमी असतो, कारण द्या' असा प्रश्न असेल तर मी असं लिहवून घेते:

'दोन्ही रेणूंत मध्यवर्ती अणूवर दोन बंधजोड्या आणि दोन लोन पेअर आहेत. सल्फरची विद्युतऋणता ऑक्सिजनपेक्षा कमी आणि आकार मोठा असल्याने S–H बंधातील इलेक्ट्रॉन जोड्या मध्यवर्ती अणूपासून दूर राहतात. त्यामुळे बंधजोडी-बंधजोडी प्रतिकर्षण कमी होते आणि लोन पेअरांच्या दाबाखाली बंध अधिक जवळ येतात. म्हणून कोन १०४.५ अंशांवरून ९२.१ अंशांवर येतो.'

पहिलं वाक्य गाळायचं नाही. लोन पेअर सारखे आहेत हे आधी मान्य केलं, की मगच विद्युतऋणतेकडे वळायचा हक्क मिळतो. उलट NH₃ आणि H₂O च्या प्रश्नात पहिलं वाक्य लोन पेअर वेगळे आहेत असं येईल आणि उत्तर तिथेच संपेल, विद्युतऋणतेचं नावही काढायची गरज नाही.

त्या दुपारी भांडणाऱ्या मुलीला मी आकृती काढायला लावली. ७.६ आणि ९.६ मोजून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मंग PH₃ चा लोन पेअरच काढून टाकला तर? कोन परत मोठा होऊन जाईन का?"

प्रश्न नेमका होता, म्हणून तिलाच सोडवायला सांगितला. लोन पेअर काढायचा म्हणजे त्याच्यावर प्रोटॉन बसवायचा: PH₃ पासून PH₄⁺, NH₃ पासून NH₄⁺. दोन्हीकडे आता चार बंधजोड्या, लोन पेअर शून्य, चारही बंध एकसारखे. दाबणारं कुणी उरलं नाही, म्हणून विद्युतऋणता काहीही असो, दोघांचाही कोन १०९.५. अमोनियाचा कोन अडीच अंश उघडला. फॉस्फीनचा जवळपास सोळा.

"म्हणजे PH₃ जास्त दबून राहिला होता," ती म्हणाली, आणि वहीत ९३.६ च्या खाली रेघ मारली.